खांड गेली, अर्ज दिला, उत्तर नाही: पोच-वही आणि स्मरणपत्रांचं वेळापत्रक

खाडीकाठच्या गावात खारबांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, किंवा आतलं पाणी खाडीत सोडणाऱ्या उघाडीची झडप मोडली, की दुसऱ्या दिवशी पंचायतीत अर्ज लिहिला जातो, पाच-पन्नास सह्या होतात आणि कुणीतरी तो खारभूमीच्या कार्यालयात देऊन येतो. त्यानंतर काय झालं, हे सहसा पुढच्या जूनमध्ये आठवतं. तोवर शेतात उधाणाचं पाणी दहा-बारा वेळा आत येऊन गेलेलं असतं आणि बांधाच्या कामाचा हंगामही संपलेला असतो. अर्ज चांगला नव्हता म्हणून काम अडलं, असं क्वचितच होतं. अर्ज कधी पोचला, कुणाच्या टेबलावर थांबला आणि वरच्या साहेबाकडे कधी जायचं, हे कुठंच लिहिलेलं नसतं. अडतं ते तिथं.

ही नोंद कशी ठेवायची ते खाली एकाच उदाहरणावर दाखवलं आहे. समजा, 2026 ची कोजागरी. 26 ऑक्टोबरच्या दुपारच्या भरतीला उघाडीची एक झडप निखळली आणि शेजारचा बांध वाहून गेला. भातकापणी तोंडावर आहे आणि खारं पाणी खाचरात शिरलं आहे.

आधी उलटी मोजणी

वेळापत्रक अर्जाच्या तारखेपासून पुढे मोजतात, पण त्याआधी एकदा शेवटापासून मागे मोजावं. खाजणातल्या चिखलावर मातीकाम फेब्रुवारी ते मे याच काळात नीट होतं. पाऊस लागला की टाकलेली माती बसत नाही. त्याआधी स्थळपाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि निविदा एवढं सगळं कागदावर व्हायचं असतं. म्हणजे अंदाजपत्रक डिसेंबरअखेर वर गेलं नाही, तर काम या हंगामात होणं कठीण, आणि जमीन आणखी एक पावसाळा उघडी. खारं पाणी मुरलेलं खाचर एका पावसात धुऊन निघत नाही, दोन-तीन वर्षं उतार मार खातो. त्यामुळे आपली खरी मुदत 31 डिसेंबर आहे आणि बाकीच्या तारखा तिच्या आत बसवायच्या आहेत.

कार्यालय कुठलं, हे आधी

बांध शासकीय खारभूमी योजनेतला आहे की खाजगी, हे तपासल्याशिवाय अर्ज देऊ नका. योजनेतला असेल तर तो जलसंपदा विभागाच्या खारभूमी उपविभागाकडे येतो. उपविभागीय अभियंत्याच्या वर विभागाचा कार्यकारी अभियंता आणि त्याच्या वर मंडळाचा अधीक्षक अभियंता. खाजगी बांध असेल तर उपविभाग दीड महिन्यानं ‘सदर बांध या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही’ असं दोन ओळींत कळवतो आणि तुमचा दीड महिना गेला. योजनेचं नाव आणि ती शासकीय आहे की नाही, हे ग्रामपंचायतीच्या जुन्या कागदांत सापडतं. नाही सापडलं तर उपविभागात जाऊन योजनांची यादी बघायला मागा. हे काम एका सकाळचं आहे.

पोच म्हणजे काय, आणि काय नाही

अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक लिपिकाकडून आपल्या प्रतीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी घ्या: कार्यालयाचा गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. तिन्ही हव्यात. नुसता शिक्का मारून घेतलेली प्रत पुढे काहीच सिद्ध करत नाही, कारण आवक नोंदवहीत ती शोधायची कशी? क्रमांक नंतर टाकतो म्हणाले, तर तिथंच थांबा. वही समोरच असते आणि दोन मिनिटांचं काम असतं. सहपत्रं जोडली असतील तर ‘सहपत्रे 6’ असं अर्जाच्या शेवटी लिहा, नाहीतर तीन महिन्यांनी ‘फोटो जोडलेले नव्हते’ असं ऐकावं लागतं.

‘साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या’ यावर उद्या जाऊ नका. टपाल घ्यायला साहेब लागत नाही, आवक लिपिक लागतो. तोही घेत नसेल तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं पाठवा आणि नोंदवहीत ‘हस्तपोच घेतली नाही, म्हणून टपालाने’ असं लिहा. स्पीड पोस्टची पावती उष्णतेवर छापलेली असते आणि आपल्या दमट हवेत ती सहा महिन्यांत कोरी होते. म्हणून घरी येताच झेरॉक्स काढा. ट्रॅकिंगमध्ये ‘वितरित’ दिसलं की त्याच दिवशी त्या पानाचा छाप घ्या, ती नोंद संकेतस्थळावर कायम राहत नाही. टपालानं दिलेल्या अर्जाची मुदत पाठवल्याच्या नव्हे, पोचल्याच्या तारखेपासून धरायची.

व्हॉट्सॲपवरच्या दोन निळ्या खुणा ही पोच नव्हे. साहेबांना फोनवर सांगितलं, हीसुद्धा नव्हे. पण दोन्हींची नोंद ठेवावी, कारण पुढच्या पत्रात ‘दि. 6 रोजी दूरध्वनीवर आपण कळवल्याप्रमाणे’ असं लिहिता येतं आणि ते कुणी नाकारत नाही.

वही

शंभर पानी वही पुरते. आडवी धरून सात रकाने आखा: क्रमांक, तारीख, कुणाकडे (नाव नको, पदनाम), काय पाठवलं, पोच (आवक क्रमांक व तारीख), पुढची तारीख, काय झालं. पदनाम अशासाठी की बदली झाली तरी पत्रव्यवहार तुटत नाही.

या सातांत सहावा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. कुठलीही ओळ लिहिताना तो रिकामा सोडायचा नाही. उत्तर आलं नाही तर कुठल्या तारखेला काय करणार, हे त्याच वेळी, डोकं शांत असताना ठरवायचं. मग ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल पेननं उतरवायची, जिथं तिथी आणि अमावस्या-पौर्णिमा आधीच छापलेल्या असतात. या विषयात तिथी का लागते, ते पुढे येतंच.

पहिली ओळ अशी होईल (आवक क्रमांक अर्थातच उदाहरणादाखल):

> 1 | 28-10-26 | उपविभागीय अभियंता, खारभूमी | उघाडीची झडप व बांध दुरुस्तीचा अर्ज, सहपत्रे 6 | आवक 1147, 28-10-26 | 6-11-26 | —

गावात कुणी संगणकावर ठेवत असेल तर तारखा हातानं मोजू नयेत. पोचेची तारीख E2 मध्ये आणि शासकीय सुट्ट्यांची यादी J2 ते J20 मध्ये असेल, तर कामकाजाचे सात दिवस आणि पंचेचाळीस दिवस असे निघतात:

```
=WORKDAY(E2,7,J$2:J$20)
=E2+45
```

राज्य शासनाची कार्यालयं शनिवार-रविवार बंद असतात आणि हे सूत्रही तेच धरून चालतं.

सात, पंचेचाळीस, नव्वद: हे आकडे कुठले

स्मरणपत्र किती दिवसांनी द्यायचं, हे मनानं ठरवलं तर दोन चुका होतात. एक तर आठवड्यात तीन पत्रं जातात आणि लिपिक वैतागतो, नाहीतर चार महिने काहीच जात नाही. त्यापेक्षा कायद्यानं दिलेल्या मुदतींना आपली पत्रं बांधावीत. आपण ज्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, त्या 2005 च्या अधिनियमाचं कलम 10 सांगतं की सर्वसाधारणपणे कुठलीही नस्ती, म्हणजे फाईल, एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवावं न लागणाऱ्या प्रकरणात 45 दिवसांत निर्णय व्हावा आणि पाठवावं लागत असेल तर तीन महिन्यांत. हेतुपुरस्सर विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

या कायद्याकडून फार अपेक्षाही ठेवू नये. 45 दिवस उलटले म्हणून अर्ज आपोआप मंजूर होत नाही आणि नुकसानभरपाईही मिळत नाही. शिवाय ती मुदत निर्णयाची आहे, बांध पूर्ण होण्याची नाही. त्याचा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे: वरच्या अधिकाऱ्याकडे जाताना ‘अजून काही झालं नाही’ या तक्रारीऐवजी ‘अमुक तारखेला मुदत संपली’ असं वाक्य हातात येतं.

तारखा प्रत्यक्षात

28 ऑक्टोबरची पोच. कामकाजाचा सातवा दिवस येतो 6 नोव्हेंबरला, दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी. त्या दिवशी पत्र न देता स्वतः जा आणि दोनच गोष्टी विचारा: अर्ज कुणाच्या टेबलावर आहे, आणि नस्ती क्रमांक काय. नस्ती उघडलेलीच नसेल तर अर्ज आवक टपालातच पडून आहे, असा अर्थ. जे सांगितलं ते कुणी सांगितलं त्याच्या पदनामासह वहीत लिहा.

13 नोव्हेंबरला पहिलं स्मरणपत्र. ते पाच ओळींचं असावं आणि त्यात मूळ तक्रार पुन्हा लिहू नये. इथं बहुतेक जण चुकतात. रागानं नवा, अधिक मोठा अर्ज लिहितात. त्याला नवा आवक क्रमांक पडतो आणि कार्यालयाच्या दृष्टीनं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. स्मरणपत्राच्या वर ‘स्मरणपत्र 1’ आणि ‘संदर्भ: आवक क्र. 1147, दि. 28-10-2026’ हे असलंच पाहिजे आणि मूळ पोचप्रतीची झेरॉक्स जोडलेली असावी. मजकूर साधारण असा:

> वरील संदर्भीय अर्जावर झालेली कार्यवाही आजपर्यंत कळवण्यात आलेली नाही. अमावस्येच्या उधाणात दि. 9 व 10 नोव्हेंबर रोजी खारे पाणी पुन्हा शेतात आले असून फोटो सोबत जोडले आहेत. स्थळपाहणी दि. 25 नोव्हेंबर रोजी दुपारच्या भरतीच्या वेळी करावी, ही विनंती.

25 नोव्हेंबर का? 24 ला पौर्णिमा आहे. आपल्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पूर्ण भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी बांधाच्या पायथ्याशीच फिरतं. अभियंता भांगाच्या दिवशी, त्यातही ओहोटीला येऊन गेला, तर त्याला मोडकी झडप दिसते पण पाणी शिरताना दिसत नाही, आणि अहवालात ‘किरकोळ दुरुस्ती’ असा शेरा पडतो. एकदा तो शेरा नस्तीत बसला की हलवायला आणखी दोन महिने लागतात. म्हणून पाहणीची तारीख आपण सुचवायची, तिथी बघून.

मधल्या काळात 16 नोव्हेंबर येतो, महिन्याचा तिसरा सोमवार. तहसील कार्यालयात तालुक्याचा लोकशाही दिन असतो. तिथं अर्ज द्यायचा तर एक गोष्ट लक्षात ठेवा: लोकशाही दिनात वैयक्तिक स्वरूपाची तक्रार चालते, पन्नास सह्यांचं सामूहिक निवेदन नाही. ज्याच्या खाचरात पाणी शिरलं अशा एका शेतकऱ्यानं स्वतःच्या सर्व्हे नंबरापुरता, सातबारा जोडून अर्ज करावा. टोकन क्रमांक मिळतो, तो वहीत वेगळ्या ओळीवर.

27 नोव्हेंबरला, म्हणजे तिसाव्या दिवशी, दोन पत्रं एकाच दिवशी जातात. पहिलं कार्यकारी अभियंत्याला, प्रत उपविभागाला. त्यात आतापर्यंतच्या नोंदी तारीखवार उतरवायच्या, विशेषणं न लावता: अर्ज, पोच, भेट, स्मरणपत्र, पाहणी झाली की नाही. दुसरा कागद माहिती अधिकाराचा, उपविभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. ‘दुरुस्ती का केली नाही?’ असं विचारू नका, ‘का’ला माहिती म्हणत नाहीत आणि अर्ज सरळ निकाली निघतो. कागद मागा: आवक क्र. 1147 वरील टिपणीच्या पानांच्या प्रती, अर्ज कुठल्या टेबलावर कधी गेला त्याची नोंद, स्थळपाहणी अहवालाची प्रत, अंदाजपत्रक तयार असल्यास त्याची प्रत.

अनुभवी लिपिक हा अर्ज आला की आधी नस्ती बाहेर काढतो. टिपणीची प्रत द्यायची म्हणजे त्यावर काहीतरी टिपणी असायला हवी. अनेकदा काम हलतं ते या टप्प्यावर, वरच्या साहेबाच्या पत्रानं नव्हे.

45 दिवस 12 डिसेंबरला भरतात, तो शनिवार. म्हणून 14 डिसेंबरला अधीक्षक अभियंत्याला पत्र, आणि यात पहिल्यांदाच कलम 10 चा उल्लेख. आधीच्या पत्रांत तो करू नये. मुदत संपण्याआधी कायद्याचा धाक दाखवला तर पुढच्या पायरीला सांगायला काही उरत नाही.

त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या लोकशाही दिनाची तयारी. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात असतो, म्हणजे 4 जानेवारीला. विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो. पंधरा दिवस मागे मोजले तर 20 डिसेंबर, रविवार. म्हणजे शुक्रवार 18 डिसेंबर ही आपली शेवटची तारीख. बहुतेक लोक सोमवारी सकाळी थेट रांगेत जाऊन उभे राहतात आणि परत पाठवले जातात. सोबत तालुक्याच्या टोकनाची प्रत न्या. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर लोकशाही दिन होत नाही, तेव्हा दोन दिवस आधी फोन करून खात्री करावी. न्यायप्रविष्ट आणि माहिती अधिकाराची प्रकरणं तिथं घेत नाहीत, म्हणून माहिती अधिकाराच्या अर्जाचा उल्लेख या अर्जात करूच नका. वहीतही त्या दोघांची पानं वेगळी ठेवा.

माहिती अधिकाराचे तीस दिवस 27 डिसेंबरला संपतात. उत्तर आलं नाही तर नकार समजून प्रथम अपील करता येतं, तेही पुढच्या तीस दिवसांत. म्हणजे शेवटची तारीख 26 जानेवारी, सुट्टीची, म्हणून 4 जानेवारीच्या आठवड्यातच 20 रुपयांचा स्टॅम्प लावून अपील देऊन टाका. अपिलावर तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय व्हायला हवा. पुढचं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. तिथं तारीख लागेपर्यंत मात्र पावसाळा आलेला असतो, त्यावर विसंबून राहू नये.

उत्तर आलं, पण ते उत्तर नाही

मधेच एक लिफाफा येतो: ‘आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी संबंधित कार्यालयाकडे पाठवण्यात आला आहे.’ लोक सुटकेचा श्वास सोडतात. हे पत्र वाचताना फक्त दोन गोष्टी शोधा: कुणाकडे पाठवला, आणि त्यांच्या पत्राचा जावक क्रमांक. अधीक्षक अभियंत्याकडे दिलेला अर्ज खालच्याच उपविभागाकडे येऊन पोचतो, असं फार वेळा होतं. वहीत नवी ओळ घ्या, ‘पुढची तारीख’ रकान्यात सात कामकाजाचे दिवस मोजून लिहा आणि त्या जावक क्रमांकाचा संदर्भ देऊन खाली विचारा. मूळ 45 दिवसांची ओळ मात्र खोडायची नाही. अंतरिम पत्रानं ती मुदत थांबत नाही.

‘अंदाजपत्रक वरिष्ठ कार्यालयास सादर केले आहे’ हे उत्तर चांगलं आहे, पण त्याला तारीख आणि रक्कम नसेल तर अर्धं आहे. तेवढंच विचारणारं तीन ओळींचं पत्र द्या. ‘निधी उपलब्ध झाल्यानंतर’ असं आलं तर दिशा बदला: आता दिरंगाईचा मुद्दा संपला, पैशाचा सुरू झाला. तिथून पुढचा पाठपुरावा लोकप्रतिनिधींकडे आणि जिल्हा नियोजनाकडे जातो. दफ्तर दिरंगाईचं कलम तिथं लावून उपयोग नाही. शासनाच्या तक्रार पोर्टलवरही तक्रार केली असेल आणि ती ‘निकाली’ दिसली तर त्या शेऱ्याचा छाप घ्या आणि तो पुढच्या पत्राला जोडा. नुसतं चिडून पुन्हा तीच तक्रार नोंदवली तर आधीचा टोकन क्रमांक वाया जातो.

पहिल्याच दिवशी मंत्र्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना प्रती पाठवण्याची हौस टाळा. त्या सगळ्या प्रती फिरून उपविभागातच येतात, एकाच विषयाचे आठ आवक क्रमांक होतात आणि खरा संदर्भ कुठला, ते तुम्हालाही सांगता येत नाही. 28 ऑक्टोबरला प्रत फक्त कार्यकारी अभियंता, ग्रामपंचायत आणि तलाठी, एवढ्यांनाच. तलाठ्याला अशासाठी की पिकाच्या नुकसानीचा पंचनामा त्याच्याकडून व्हायचा असतो, आणि त्याचा कागद पुढे बांधाच्या नस्तीलाही उपयोगी पडतो.

वही कधी मिटायची

कार्यारंभ आदेश निघाला की त्याचा क्रमांक आणि काम पूर्ण करण्याची मुदत वहीत उतरवा. काम संपल्यावर लगेच शेवटची ओळ लिहू नका. झडप बसली की नाही, हे कोरड्या दिवशी कळत नाही. पुढच्या अमावस्येला भरती चढताना उघाडीच्या आतल्या बाजूला उभं राहा. झडप नीट मिटली असेल तर आतल्या पाण्याची पातळी तासाभरात हलत नाही. कडेनं झिरपत असेल तर चिखलात बारीक रेघ धावताना दिसते. तिचा फोटो काढा आणि त्याच आवक क्रमांकाच्या संदर्भानं उपविभागाला कळवा. कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी चालू असतो तोवर ती दुरुस्ती त्यालाच करावी लागते. तो कालावधी कधी संपतो, ती तारीख सहाव्या रकान्यात.